चाळणीचा आकडा आणि गर्भजलाचा निकाल

पेण किंवा रोह्याच्या प्रसूतिगृहात तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस गर्भवतीचे जे रक्त ‘डबल मार्कर’साठी घेतले जाते, ते बहुधा नवी मुंबई, ठाणे किंवा मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत जाते आणि काही दिवसांनी परत येणाऱ्या अहवालावर ‘हाय रिस्क’ असा शेरा व त्यापुढे १:१५० यासारखे गुणोत्तर छापलेले असते. या गुणोत्तराचा अर्थ घरात, दवाखान्यात आणि कित्येकदा डॉक्टरांच्या केबिनमध्येही ‘बाळात दोष निघाला’ असा लावला जातो. वास्तविक त्या कागदाने बाळाकडे पाहिलेलेच नसते. आईचे वय, तिच्या रक्तातील दोन द्रव्यांचे प्रमाण आणि सोनोग्राफीतील एक मोजमाप यांवरून संगणकाने मांडलेली ती शक्यता असते, आणि ती शक्यता खरी की खोटी हे ठरवण्यासाठी गर्भाच्या पेशी प्रत्यक्ष हाती याव्या लागतात. चाळणी आणि निदान यांतील हे अंतर नीट समजले नाही, तर निरोगी गर्भ संशयावरून गमावण्याचा धोका संभवतो आणि ‘लो रिस्क’ या शब्दावर अवाजवी भिस्त ठेवण्याचाही.

माणसाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. बीजांड तयार होताना एखादी जोडी वेगळी न झाल्यास गर्भाच्या पेशींत त्या क्रमांकाची दोनऐवजी तीन गुणसूत्रे येतात. एकविसाव्या गुणसूत्राची अशी तिसरी प्रत म्हणजे डाऊन सिंड्रोम. हे कारण फ्रान्समध्ये जेरोम लज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. अठराव्या आणि तेराव्या गुणसूत्राच्या तिसऱ्या प्रतीमुळे होणारे एडवर्ड्स आणि पटाऊ सिंड्रोम अधिक विरळ आणि अधिक घातक असून त्यांतील बहुतेक बालके पहिले वर्ष पार करत नाहीत. अशी चूक आईच्या वयानुसार वाढत जाते: पंचविशीत डाऊन सिंड्रोमची शक्यता साधारण तेराशेत एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक आणि चाळिशीत शंभरात एक एवढी धरली जाते. तरीही डाऊन सिंड्रोमची पुष्कळ बालके पस्तिशीच्या आतील मातांना होतात, कारण मुळात बाळंतपणेच त्या वयात अधिक होतात. ‘वय कमी आहे, तपासणी कशाला’ हा युक्तिवाद त्यामुळेच टिकत नाही.

चाळणीचा आकडा कसा तयार होतो हे पाहिल्याशिवाय त्याचे वजन कळत नाही. पहिल्या तिमाहीच्या चाळणीत गर्भाच्या मानेमागे त्वचेखाली साचलेल्या द्रवाची जाडी, म्हणजे एनटी, सोनोग्राफीवर मोजली जाते आणि आईच्या रक्तातील पॅप-ए व मुक्त बीटा-एचसीजी ही वारेतून येणारी दोन द्रव्ये मोजली जातात. अकरा आठवडे पूर्ण झाल्यापासून चौदावा आठवडा संपेपर्यंतच, म्हणजे गर्भाची डोके ते ढुंगण ही लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असतानाच, एनटीच्या मापाला अर्थ असतो. डाऊन सिंड्रोममध्ये सरासरीने एनटी जाड, पॅप-ए कमी आणि बीटा-एचसीजी जास्त आढळते. पण ही द्रव्ये दर आठवड्याला बदलत असल्यामुळे प्रयोगशाळा त्यांची तुलना त्याच दिवसांच्या इतर गर्भवतींच्या मध्यम मूल्याशी करते आणि निकाल ‘मध्यमाच्या किती पट’ या रूपात देते. अहवालात ‘एमओएम’ असे लिहिलेले असते ते हेच.

गणिताची सर्वांत नाजूक कडी येथे आहे. पॅप-ए या दिवसांत झपाट्याने वाढत असते आणि मुक्त बीटा-एचसीजी घटत असते. म्हणून गर्भ प्रत्यक्षात लहान असताना तो मोठा समजून हिशेब केला, तर पॅप-ए अपेक्षेपेक्षा कमी आणि एचसीजी अपेक्षेपेक्षा जास्त दिसते, आणि दोन्ही चुका एकाच दिशेने, म्हणजे डाऊन सिंड्रोमच्या दिशेने, ढकलतात. पाळीची तारीख आठवणीवर सांगितलेली असणे, पाळी अनियमित असणे किंवा अंगावर पिणारे मूल असतानाच पुन्हा दिवस राहणे या आपल्याकडच्या अगदी नित्याच्या गोष्टी आहेत, आणि यांपैकी कोणतीही एक निरोगी गर्भाच्या अहवालावर ‘हाय रिस्क’ छापू शकते. आईचे वजन, जुळे असणे, मधुमेह, कृत्रिम गर्भधारणा ही माहिती रक्ताबरोबरच्या अर्जात चुकली किंवा राहिली तरी आकडा हलतो. दुसरी अडचण अधिक सरसकट आहे: कित्येक ठिकाणी एनटीचे माप न पाठवता केवळ रक्त पाठवले जाते. एनटी आणि रक्त यांची एकत्रित चाळणी शंभरपैकी ८५ ते ९० डाऊन सिंड्रोमचे गर्भ पकडते, तर नुसत्या रक्ताची साधारण ६० ते ६५. निरोगी गर्भांना ‘हाय रिस्क’ ठरवण्याचे प्रमाण मात्र दोन्हीकडे पाच टक्क्यांच्या आसपास राहते. नुसत्या रक्ताच्या डबल मार्करला पहिल्या तिमाहीची पूर्ण चाळणी म्हणणे त्यामुळे योग्य नव्हे.

हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेता येईल. रोहा तालुक्यातील २९ वर्षांच्या एका गर्भवतीच्या पाळीच्या तारखेनुसार तिला तेरा आठवडे व एक दिवस झाले आहेत. रक्त त्याच तारखेवर पाठवले गेले आणि निकाल आला १:६०. सोनोग्राफीत मात्र गर्भाची लांबी ५५ मिलिमीटर भरली, म्हणजे वय जेमतेम बारा आठवडे, आणि एनटी २ मिलिमीटर. रक्त घेतले त्याच दिवसाचे गर्भवय दुरुस्त करून व एनटी मिळवून प्रयोगशाळेने तोच नमुना पुन्हा हिशेबात घेतला, तेव्हा गुणोत्तर १:१५० झाले. नव्याने रक्त देण्याची गरज पडली नाही. चुकलेली माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क प्रत्येक गर्भवतीला आहे आणि प्रयोगशाळा ती दुरुस्ती करून देतातही. १:२५० ही प्रचलित सीमारेषा धरली, तर नवा निकालही ‘हाय रिस्क’मध्येच मोडतो. पण त्याचा खरा अर्थ असा की हाच आकडा आलेल्या दीडशे गर्भवतींपैकी एकीच्या गर्भात डाऊन सिंड्रोम असेल आणि १४९ जणींच्या गर्भात नसेल. टक्केवारीत मांडले तर ९९ टक्क्यांहून अधिक शक्यता गर्भ या दोषापासून मुक्त असण्याचीच आहे. सीमारेषा हीदेखील निसर्गाने आखलेली नाही. पुढची तपासणी कोणाला सुचवावी हे ठरवण्यासाठी ती माणसांनी आखली आहे, आणि १:२४० व १:२६० यांत प्रत्यक्ष फरक नगण्य असूनही एक कागद लाल अक्षरांत येतो व दुसरा हिरव्या.

मोठ्या समूहाकडे पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. दहा हजार गर्भवतींमध्ये डाऊन सिंड्रोमचे वीस गर्भ आहेत असे धरले, तर चांगली एकत्रित चाळणी त्यांतील सतरा पकडेल व तीन तिच्यातून निसटतील. उरलेल्या ९,९८० पैकी पाच टक्के, म्हणजे जवळजवळ पाचशे, विनाकारण ‘हाय रिस्क’ ठरतील. एकूण सव्वापाचशेच्या आसपास लाल कागदांमागे खरे दोष सतरा, म्हणजे सुमारे तिसात एक. ज्यांचे कागद हिरवे आले त्यांच्यातच ते तीन निसटलेले गर्भ आहेत ही बाजूही तितकीच खरी, आणि ‘लो रिस्क’ लिहिलेल्या अहवालानंतर डाऊन सिंड्रोमचे बालक जन्मले म्हणून प्रयोगशाळेने चूक केली असे म्हणता येत नाही.

‘हाय रिस्क’ निकालानंतर अलीकडे अनेकांना एनआयपीटी सुचवली जाते. आईच्या रक्तद्रवात गर्भाच्या बाजूचे डीएनएचे तुकडे फिरत असतात हे डेनिस लो यांनी १९९७ मध्ये दाखवले आणि २०११ पासून त्यावर आधारलेली तपासणी व्यवहारात आली. दहा आठवड्यांनंतर ती करता येते, डाऊन सिंड्रोमचे ९९ टक्के गर्भ ती पकडते आणि निरोगी हजार गर्भांमागे एखाद्यालाच चुकीने संशयित ठरवते. एवढे भक्कम आकडे पाहून ती निदानाची तपासणी मानण्याचा मोह होतो, आणि नेमकी तेथेच मोठी फसगत होते. वरच्या उदाहरणातील १:१५० जोखमीच्या पंधरा हजार गर्भवतींची एनआयपीटी केली, तर शंभर दोषी गर्भांपैकी ९९ पॉझिटिव्ह येतील आणि निरोगी १४,९०० पैकी सुमारे १५. म्हणजे पॉझिटिव्ह निकाल खरा असण्याची शक्यता ८७ टक्के. तीच तपासणी हजारात एक जोखीम असलेल्या एक लाख तरुण गर्भवतींची केली, तर खरे पॉझिटिव्ह ९९ आणि खोटे जवळजवळ शंभर, म्हणजे छापा-काटा. तपासणी एकच, यंत्र एकच. निकालाचा अर्थ मात्र आधीच्या जोखमीनुसार पार बदलतो.

यामागे जीवशास्त्रीय कारणही आहे. आईच्या रक्तात फिरणारा तो डीएनए मुख्यतः वारेच्या पेशींतून आलेला असतो, गर्भाच्या शरीरातून नव्हे. आणि क्वचित वारेत तीन प्रती असतात पण गर्भात नसतात. आरंभी जुळे असून एक गर्भ लवकर विरला असेल किंवा आईच्याच गुणसूत्रांत काही वेगळेपण असेल, तरी निकाल चुकतो. नमुन्यात गर्भाकडचा अंश साधारण चार टक्क्यांहून कमी भरला तर निकालच येत नाही, आणि जास्त वजनाच्या स्त्रियांत हे अधिक घडते. निकाल न येणे म्हणजे सर्व ठीक, असा अर्थ काढणे चुकीचे. अशा वेळी तज्ज्ञाकडून पुन्हा विचार व्हावा लागतो. म्हणून एनआयपीटी ही उत्तम असली तरी चाळणीच आहे, आणि तिच्या पॉझिटिव्ह निकालावर गर्भपाताचा निर्णय घेऊ नये हा जगभरचा वैद्यकीय संकेत आहे. एनटी साडेतीन मिलिमीटर किंवा अधिक भरल्यास अथवा सोनोग्राफीत रचनेचा दोष दिसल्यास एनआयपीटीत वेळ न घालवता थेट निदानाकडे जाणे अधिक रास्त ठरते, कारण अशा गर्भांत त्या तपासणीच्या यादीबाहेरचे गुणसूत्रदोषही असू शकतात.

निदानासाठी गर्भाच्या पेशी लागतात आणि त्या मिळवण्याचा सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे गर्भजल तपासणी, जिला बोलीत ‘पाण्याची तपासणी’ म्हणतात. गर्भ ज्या पाण्यात तरंगतो त्यात त्याच्या त्वचेच्या व मूत्रमार्गाच्या झडलेल्या पेशी असतात. पंधरा आठवडे पूर्ण झाल्यावर, साधारणपणे सोळा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान, सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई सतत दिसत असताना पोटाच्या भिंतीतून बारीक सुई गर्भजलात नेली जाते. आईच्या पेशी मिसळू नयेत म्हणून पहिला एक-दोन मिलिलिटर द्रव टाकून दिला जातो आणि मग पंधरा ते वीस मिलिलिटर पिवळसर, स्वच्छ द्रव घेतला जातो. काम काही मिनिटांचे असते. पंधरा आठवड्यांच्या आत ती करण्याचे प्रयोग पूर्वी झाले, परंतु त्यांत गर्भपात आणि बाळाचे पाऊल वाकडे होणे यांचे प्रमाण वाढलेले आढळल्याने ती प्रथा सोडून दिली गेली. अकरा ते चौदा आठवड्यांत उत्तर हवे असेल तर वारेचा सूक्ष्म तुकडा घेण्याचा दुसरा मार्ग आहे. मात्र वार आणि गर्भ यांतील विसंगतीचा प्रश्न तेथेही शंभरात एक-दोन वेळा उभा राहतो आणि मग गर्भजल तपासावेच लागते.

तपासणीमुळे होणारा अधिकचा गर्भपाताचा धोका, अनुभवी हातांत, अर्ध्या टक्क्याहून कमी मानला जातो. योनीतून पाणी गळणे, रक्तस्राव, ताप किंवा वाढत जाणारी पोटदुखी ही नंतर सावध करणारी लक्षणे असून त्यांसाठी तत्काळ दवाखाना गाठावा लागतो. रोह्याच्या आतल्या गावातून आलेल्या बाईने त्या रात्री कोठे मुक्काम करावा, हा प्रश्न त्यामुळे वैद्यकीयच ठरतो. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल आणि तिच्या शरीरात आधीच प्रतिपिंडे तयार झालेली नसतील, तर अँटी-डीचे इंजेक्शन देणे आवश्यक असते, आणि हे सांगण्याची वेळ सुई टोचण्याआधीची असते.

निकाल दोन टप्प्यांत येतो. क्यूएफ-पीसीआर किंवा फिश या जलद पद्धतींनी २१, १८, १३ आणि लिंगगुणसूत्रांची संख्या दोन-तीन दिवसांत कळते. पेशी वाढवून सर्व गुणसूत्रांचे चित्र, म्हणजे कॅरिओटाइप, मिळण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. द्रव रक्ताळलेला असेल किंवा पेशी वाढल्याच नाहीत तर निकाल रखडतो, क्वचित पुन्हा द्रव घ्यावा लागतो. चाळणीतील गुणोत्तर येथे उरत नाही: एकविसाव्या क्रमांकाची गुणसूत्रे दोन आहेत की तीन, हे पेशी मोजून सांगितले जाते.

भारतीय अहवालात गर्भाचे लिंग मात्र दिलेले नसते. या मौनामागे महाराष्ट्राचाच इतिहास आहे. जनुकीय दोष शोधण्यासाठी आलेली गर्भजल तपासणी १९८० च्या दशकात मुंबई व इतर शहरांत मुलगी ओळखून गर्भपात करण्यासाठी सर्रास वापरली गेली; त्याविरुद्ध स्त्रीसंघटना, डॉक्टर आणि कार्यकर्त्यांनी उभारलेल्या चळवळीतून १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, ज्याची व्याप्ती २००३ मध्ये गर्भधारणेपूर्वीच्या तंत्रांपर्यंत वाढवण्यात आली. आज ही तपासणी फक्त नोंदणीकृत केंद्रात, कायद्याने मान्य केलेल्या कारणांसाठी आणि गर्भवतीला कळणाऱ्या भाषेत समजावून घेतलेल्या लेखी संमतीनंतरच करता येते. संमतीच्या त्या नमुन्याला ‘फॉर्म जी’ म्हणतात. गुणसूत्रदोष हे त्या मान्य कारणांपैकी पहिलेच आहे, त्यामुळे ‘पाणी काढणे बेकायदा आहे’ हा सर्वसाधारण समज खरा नाही.

पेण-रोह्याच्या दृष्टीने सर्वांत कठीण प्रश्न मात्र दिवसांचा आहे. सरकारी गर्भवती तपासणीच्या नित्य यादीत डबल मार्कर येत नाही, म्हणून ती बहुधा खासगी दवाखान्याच्या सल्ल्यावर आणि स्वखर्चाने होते. एनटीचा काळ तीन आठवड्यांचा; दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांत पहिली नोंदच पुष्कळदा त्यानंतर होते, आणि गणपतीच्या हंगामात पेणच्या मूर्तिशाळांत राबणाऱ्या बाईची फेरीही सहज पुढे ढकलली जाते. मग उरते ती पंधरा आठवड्यांनंतरची क्वाड्रपल मार्कर, म्हणजे रक्तातील चार द्रव्यांची चाळणी, जी साधारण ८० टक्के गर्भ पकडते आणि चुकीच्या तारखेला पहिलीइतकीच बळी पडते. अठराव्या आठवड्यात ती केली, निकालाला आठवडा गेला, पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबईतील तज्ज्ञाची वेळ मिळण्यास आणखी काही दिवस गेले, तर पाणी विसाव्या आठवड्यात निघते आणि कॅरिओटाइप बावीस-तेविसाव्या आठवड्यात हाती येतो.

हे आठवडे किती निर्णायक ठरतात याचे उदाहरण महाराष्ट्रातूनच मिळते. फेब्रुवारी २०१७ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेला सव्वीस आठवड्यांचा गर्भ पाडण्याची परवानगी मागणारी ३७ वर्षांची एक स्त्री सर्वोच्च न्यायालयापुढे आली. तेव्हा मर्यादा वीस आठवड्यांची होती, वैद्यकीय मंडळाला आईच्या जिवाला धोका दिसला नाही आणि न्यायालयाने परवानगी नाकारली. वयामुळेच जोखीम अधिक असलेल्या स्त्रीत निदान इतक्या उशिरापर्यंत लांबले, ही त्या प्रकरणाची वैद्यकीय बाजू कायदेशीर चर्चेत झाकली गेली. सप्टेंबर २०२१ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक गटांसाठी, ज्यांत गर्भातील गंभीर दोष येतात, दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि त्यानंतर गर्भात मोठा दोष असल्यास राज्याचे वैद्यकीय मंडळ निर्णय घेते. सूट वाढली खरी, पण बावीस आठवड्यांनंतरचा गर्भपात हा शरीराने व मनाने बाळंतपणासारखाच असतो. म्हणूनच क्वाड्रपलवर ‘हाय रिस्क’ आलेल्या गर्भवतीला उशीर झालेला असताना एनआयपीटीचा आणखी एक टप्पा मध्ये घालणे हितावह ठरत नाही. पाणी काढून जलद पद्धतीचा निकाल मागणे श्रेयस्कर असते.

निदान झाले म्हणजे निर्णय आपोआप होतो असेही नाही. कॅरिओटाइप तीन प्रती दाखवतो. मूल किती शिकेल, किती बोलेल हे तो सांगत नाही, कारण डाऊन सिंड्रोममध्ये क्षमतांचा पल्ला मोठा असतो. जवळजवळ निम्म्या बालकांत हृदयदोष असतो, तेव्हा गर्भ ठेवण्याचे ठरवणाऱ्या कुटुंबाला गर्भाच्या हृदयाची खास सोनोग्राफी आणि नवजात बालकांवर उपचार होऊ शकतील अशा रुग्णालयात बाळंतपण यांची आखणी आधीच करता येते. निदानाचा हा उपयोग फारसा सांगितला जात नाही.

एक गोष्ट तर केवळ कॅरिओटाइपमधूनच कळते. डाऊन सिंड्रोमच्या सुमारे ९५ टक्के गर्भांत एकविसावे गुणसूत्र सुटे तिसरे असते आणि पुढच्या खेपेस ते पुन्हा होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास, वय जास्त असल्यास त्याहून अधिक, राहते. तीन-चार टक्क्यांत मात्र ते चौदाव्यासारख्या दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेले असते. एनआयपीटीला किंवा जलद तपासणीला हा फरक दिसत नाही, कारण त्या केवळ प्रमाण मोजतात. चिकटलेला प्रकार आढळला की आई-वडिलांच्या रक्ताचा कॅरिओटाइप करावा लागतो: आई वाहक निघाली तर पुढच्या प्रत्येक गर्भारपणात शक्यता दहा ते पंधरा टक्क्यांची असते, वडील निघाले तर बरीच कमी, आणि कोणीच वाहक नसेल तर पुनरावृत्तीची भीती जवळजवळ उरत नाही. वाहकाच्या बहीण-भावांनाही तोच धोका असू शकत असल्याने हा निरोप माहेर आणि सासर दोन्हीकडे पोहोचवावा लागतो.